आय डायग्राममध्ये डोळा उघडा आहे, मग चुका कुठून येतात?

प्रश्न: आमच्या बोर्डावर ५ गिगाबिटची सिरियल लिंक आहे, ८बी/१०बी कोडिंग. रिसीव्हरच्या जागी फिक्श्चर लावून स्कोपवर आय डायग्राम घेतला. दहा लाख बिटांत मास्कला एकही हिट नाही, डोळ्याची रुंदी १४० पिकोसेकंद. तरी प्रत्यक्ष चालवताना दर तीन-चार मिनिटांनी एक सीआरसी एरर येते. स्कोप क्यू फॅक्टर ५.२ दाखवतो. सिनियर म्हणतात, डोळा उघडा आहे, लिंक पास. दोष टायमिंगचा की नॉइजचा, हे डोळ्यावरून कसं ओळखायचं? स्क्रीनशॉट आणि रिसीव्हरचे आकडे खाली दिले आहेत.

उत्तर:

तुमचे सिनियर चूक नाहीत आणि तुम्हीही नाही. डोळा उघडाच आहे. प्रश्न एवढाच की तो किती वेळ बघितलात.

हा हिशेब आधी करून टाकू. तुमच्या लिंकवरून सेकंदाला ५०० कोटी बिट जातात. म्हणजे दहा लाख बिट ०.२ मिलिसेकंदात संपले. आणि चूक येते २०० सेकंदांत एक. तुम्ही जेवढं बघितलं त्याच्या दहा लाख पट वेळ थांबलात तर एक चूक दिसते. रात्रभराच्या बंदोबस्तात एक डुलकी लागावी आणि चोर नेमका त्याच क्षणी यावा, तसलं हे. २०० सेकंदांत एक म्हणजे एक लाख कोटी बिटांत एक. मजा अशी की बहुतेक सिरियल मानकं नेमका एवढाच चुकांचा दर चालवून घेतात. त्यामुळे कागदावर तुमची लिंक काठावर पास आहे. पण या स्क्रीनशॉटमधला डोळा पाहता ती काठावर असायला नको होती. मला खटकलं ते हेच, आणि धागाही तिथेच सापडतो.

आधी आडवी बाजू घेऊ. एका बिटाची जागा २०० पिकोसेकंद. डोळा १४० म्हणजे क्रॉसिंगचा डाग ६० पिकोसेकंद रुंद. या ६० मध्ये दोन वेगळ्या जातीचा जिटर एकत्र आहे. एक ठरावीक जिटर: ट्रेसमधल्या लॉसमुळे, ड्यूटी सायकलमुळे, सप्लायमधल्या रिपलमुळे येणारा. त्याला एक हद्द असते. तुम्ही दोन मिनिटं बघा की दोन दिवस, तो त्या हद्दीबाहेर जात नाही. दुसरा रँडम: थर्मल नॉइज, ऑसिलेटरचा फेज नॉइज. त्याला हद्द नाही. जितका वेळ बघाल तितका त्याचा पसारा वाढत जातो, फक्त हळूहळू. म्हणून "जिटर किती?" या प्रश्नाला "किती बिटांवर?" हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

दोन्ही वेगळे करायला स्कोपमध्ये सॉफ्टवेअर असतं, पण मी आधी हाताने अंदाज काढते, म्हणजे सॉफ्टवेअरचं उत्तर समोर आल्यावर त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते कळतं. क्रॉसिंगवर आडवा हिस्टोग्राम लावा. दहा हजार एज जमल्यावर डागाची रुंदी लिहून ठेवा, मग दहा लाख जमल्यावर पुन्हा. गाऊशियन जिटर असेल तर या दोन टप्प्यांत रुंदी साधारण दोन सिग्माने वाढते. तुमच्या पहिल्या स्क्रीनशॉटवर ५२ आहे, दुसऱ्यावर ६०. वाढ ८, म्हणजे सिग्मा सुमारे ४ पिकोसेकंद. पीक-टू-पीकचा एकच आकडा फार उड्या मारतो, म्हणून हे पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. एका मोजणीवर मी पैज लावणार नाही.

आता दहा लाख एजला रँडमचा पसारा साधारण साडेनऊ सिग्मा धरला तर ३८ पिकोसेकंद होतात. ६० मधून ते वजा केले की ठरावीक जिटर उरतो २२. लाख कोटी बिटांत एक चूक या पातळीला रँडमचा गुणक १४ च्या आसपास जातो:

```
TJ = DJ + 14.07 × RJ
   = 22 + 14.07 × 4
   ≈ 78 ps
```

म्हणजे स्कोपवर १४० दिसणारा डोळा लाख कोटी बिटांच्या हिशेबात १२२ चा आहे. तुमच्या डेटाशीटप्रमाणे रिसीव्हर ०.५५ बिट, म्हणजे ११० पिकोसेकंद एकूण जिटर सहन करतो. ११० मधून ७८ गेले, ३२ शिल्लक. रँडम जिटरच्या हिशेबात ३२ पिकोसेकंद म्हणजे आठ सिग्मा, दोन्ही बाजूंना चार-चार. एवढी शिल्लक असताना आयुष्यात चूक दिसू नये, आणि तुम्हाला चहा गार व्हायच्या आत दिसते.

मग नॉइज? उभी बाजू बघू. तुमचा क्यू फॅक्टर ५.२ आहे. तो शब्दशः घेतला तर एक कोटी बिटांत एक चूक, म्हणजे तुमच्या लिंकवर सेकंदाला ५०० चुका. तुम्हाला तीन-चार मिनिटांत एक मिळते आहे. म्हणजे हा आकडा स्वतःच सांगतोय की तो चुकीचा आहे. का, ते डोळ्याच्या मध्यावरच्या उभ्या हिस्टोग्राममध्ये स्पष्ट दिसतं. वरच्या पातळीवर एक नाही, दोन उंचवटे आहेत: एक २२० मिलीव्होल्टला, दुसरा १५० ला. खालीही तसंच, उणे. स्कोपला ते कळत नाही. तो दोन्ही उंचवटे एकाच पोत्यात भरतो आणि सरासरी १८५, सिग्मा ३५.७ काढून क्यू सांगतो, १८५ भागिले ३५.७. पण तो ३५ चा सिग्मा म्हणजे नॉइज नाहीच. ते दोन उंचवट्यांमधलं अंतर आहे, आणि ते अंतर बिटांच्या क्रमाने ठरतं. मागचा बिटही १ असेल तर ट्रेसला वर चढायला वेळ मिळतो आणि तो २२० ला पोचतो. मागचा ० असेल तर बोर्डातला लॉस त्याला १५० लाच अडवतो. याला इंटरसिम्बॉल इंटरफेरन्स म्हणतात. याला हद्द आहे, तो कितीही वेळ बघितलं तरी आणखी आत येणार नाही.

खरा नॉइज म्हणजे एकेका उंचवट्याची स्वतःची जाडी. हिस्टोग्रामची खिडकी फक्त आतल्या उंचवट्यावर आणा: मध्य १५०, सिग्मा ७ मिलीव्होल्ट. शून्याच्या थ्रेशोल्डपासून तो २१ सिग्मा दूर आहे. लाख कोटी बिटांच्या पातळीला ७.०३ सिग्मा म्हणजे ४९ मिलीव्होल्ट खर्ची पडतात, तरी एका बाजूला १०१ उरतात, दोन्ही मिळून २०२. तुमच्या रिसीव्हरला १०० लागतात. म्हणजे नॉइज मार्जिन दर बाजूला ५१ मिलीव्होल्ट. हे खूप आहे.

थोडं विषयांतर. दोन उंचवटे दिसले की कुठला कोणाचा ते पाहून घ्यावं. बदलानंतरचा पहिला बिट आतल्या उंचवट्यात असेल, तुमच्यासारखा, तर ट्रान्समीटरचा डी-एम्फसिस कमी पडतोय, एक पायरी वाढवून बघता येईल. पुनरावृत्तीचा बिट आत असेल तर तो जास्त झालाय. बरेच जण हे न पाहता डी-एम्फसिस वाढवत सुटतात आणि डोळा अजून बारीक करून घेतात.

उभी आणि आडवी बाजू एकमेकांना चिकटलेल्या असतात, हेही लक्षात असू द्या. क्रॉसिंगजवळ तुमच्या एजचा उतार साधारण ३.५ मिलीव्होल्ट प्रति पिकोसेकंद आहे. ७ मिलीव्होल्टचा नॉइज तिथे आडवा पडला की २ पिकोसेकंदांचा जिटर होतो. म्हणजे तुमच्या ४ पैकी काही भाग घड्याळाचा नाहीच, व्होल्टेजचा आहे. वर्गांची वजाबाकी केली तर घड्याळाचा स्वतःचा ३.५ च्या आसपास उरतो. आणि त्या ७ मधले काही मिलीव्होल्ट खुद्द स्कोपचे असतात. इनपुट काढून, टर्मिनेशन लावून, त्याच व्होल्ट-डिव्हिजनवर स्कोपचा नॉइज एकदा मोजून ठेवा.

तर टायमिंगमध्ये ३२ पिकोसेकंद शिल्लक, नॉइजमध्ये ५१ मिलीव्होल्ट, आणि तरीही चुका. याचा अर्थ एकच: चुका घडवणारी गोष्ट या चित्रात आलेलीच नाही. अशा वेळी मी डोळ्याकडे बघणं सोडते आणि तो काढला कसा त्याकडे बघते. तुमच्या स्क्रीनशॉटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात `CDR BW: 10 MHz` लिहिलंय. माझा संशय त्या ओळीवर आहे.

आय डायग्राम म्हणजे डेटा बिटाबिटाने कापून एकावर एक ठेवणं. कापायची जागा सांगणारं घड्याळ स्कोप डेटामधूनच काढतो, एका सॉफ्टवेअर पीएलएलने. डेटा हळूहळू पुढे-मागे सरकला तर ते घड्याळही त्याच्याबरोबर सरकतं, आणि तो सरकलेला जिटर चित्रातून गायब होतो. पीएलएलची बँडविड्थ जितकी जास्त, तितका जास्त जिटर गिळला जातो. रिसीव्हरमधला सीडीआर अगदी हेच करतो, म्हणून पद्धत योग्यच आहे, पण स्कोपची बँडविड्थ रिसीव्हरच्या बँडविड्थइतकी हवी. स्कोपची जास्त असेल तर तुम्हाला दिसतो तो डोळा तुमच्या रिसीव्हरला कधीच दिसत नाही. डेटा रेट भागिले १६६७ हा जुना, बऱ्याच मानकांत आलेला संकेत आहे. तुमच्यासाठी तो ३ मेगाहर्ट्झ होतो. तुमच्या रिसीव्हरच्या जिटर टॉलरन्सच्या आलेखात कोपरा कुठे आहे ते बघा. ०.५५ हा आकडा त्या कोपऱ्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी असतो. उलटी चूकही होते: काही जण स्थिर घड्याळ निवडतात आणि लिंकवर स्प्रेड स्पेक्ट्रम चालू असलं तर डोळा पूर्ण मिटलेला पाहून घाबरतात. ३० किलोहर्ट्झच्या आसपासची ती हालचाल रिसीव्हर आरामात पकडतो.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते, कारण आकडे तुमच्याजवळ जातात. काही वर्षांपूर्वी एका कॅमेरा बोर्डावर हीच ५ गिगाबिटची लिंक होती, स्कोपवर डोळा देखणा, आणि फ्रेम अधूनमधून तुटायची. दोन दिवस मी कनेक्टरला दोष देत होते, तीन केबल बदलल्या. मग सहज स्कोपची बँडविड्थ १० वरून ३ मेगाहर्ट्झ केली आणि क्रॉसिंगचा डाग डोळ्यासमोर पसरला. हिस्टोग्राम गाऊशियनसारखा घंटेच्या आकाराचा राहिला नाही, मधे खोलगट आणि दोन्ही टोकांना शिंगं असा झाला. तो आकार पाहिला की साइन लहरीचा जिटर समजायचा, कारण साइन लहर तिच्या टोकांपाशी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळते. टाइम इंटरव्हल एररचा स्पेक्ट्रम काढला तर २.२ मेगाहर्ट्झला एक सरळ सुळका. आमचा बक कन्व्हर्टर तिथेच स्विच होत होता.

हिशेब असा होता. प्रत्यक्ष जिटर पीक-टू-पीक ८० पिकोसेकंद. १० मेगाहर्ट्झच्या पीएलएलने त्यातला साधारण एक पंचमांशच शिल्लक ठेवला, १७. ३ मेगाहर्ट्झला ५९ टक्के शिल्लक राहिला, ४७. फरक ३० पिकोसेकंद, आणि रिसीव्हरला तो सोसावा लागत होता. तुमची शिल्लक ३२ आहे. त्यातून असे ३० गेले तर तुम्ही बरोबर त्या लाख कोटीत एकच्या काठावर येता. ठरावीक जिटरचे घटक असे सरळ बेरजेने जोडणं थोडं निराशावादी असतं, पण अंदाजाला चालतं.

तुमच्याकडे हेच असेल असं मी म्हणत नाही. स्क्रीनशॉटवरून निदान करणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं. पण पडताळून बघायला तासभर पुरेल. आधी ट्रान्समीटरची स्विंग एक पायरी वाढवा आणि अर्धा तास चुका मोजा. नॉइज दोषी असेल तर चुका जवळजवळ थांबतील. त्या तेवढ्याच राहिल्या तर टायमिंग. माझ्या मते त्या तेवढ्याच राहतील. मग स्कोपची बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झला आणा आणि पॅटर्न १०१०१० लावा. सतत १०१० मध्ये प्रत्येक एजचा भूतकाळ सारखाच असतो, म्हणून इंटरसिम्बॉल इंटरफेरन्स निघून जातो आणि उरतो तो रँडम आणि पिरियॉडिक जिटर. शिंगं असतील तर इथे लपणार नाहीत.

रेकॉर्ड लांब घ्या. दहा लाख बिटांच्या ०.२ मिलिसेकंदांत २.२ मेगाहर्ट्झची ४४० आवर्तनं बसतात, ती दिसतील. पण दोष एखाद्या मोटरच्या किंवा रिलेच्या खटक्याचा असेल, मिनिटातून एकदा येणारा, तर कुठलाही आय डायग्राम तो दाखवणार नाही. त्यासाठी चुकांच्या वेळा लिहून काढा. त्या गुच्छाने येत असतील, किंवा कुठल्या तरी यंत्राच्या चालू-बंद होण्याबरोबर येत असतील, तर स्कोप बाजूला ठेवून सप्लाय आणि ग्राउंड बघायला लागा. वर काढलेलं १४ सिग्मांचं गणित अशा खटक्यांना लागू नाही. ते गृहीत धरतं की पाच मिनिटांपूर्वी जे चाललं होतं तेच आताही चालू आहे.

आणखी एक शंका तुम्ही विचारण्याआधीच: स्कोपची बँडविड्थ पुरेशी आहे ना? तुम्ही १३ गिगाहर्ट्झ लिहिलंय, ५ गिगाबिटच्या पाचव्या हार्मोनिकपर्यंत ती पुरते. ४ गिगाहर्ट्झचा असता तर त्याचा स्वतःचा राइज टाइमच ८७ पिकोसेकंद झाला असता, आणि डोळ्याचे गोल झालेले कोपरे तुमच्या बोर्डाचे की स्कोपचे हे कळलं नसतं.

आम्ही दुरुस्ती काय केली तेही सांगते, कारण ही चूक मी अजूनही महिन्यातून एकदा कुणाच्या ना कुणाच्या स्किमॅटिकमध्ये बघते. पीएलएलच्या अ‍ॅनालॉग सप्लायला फेराइट बीड होता, ६०० ओहमचा. डिझायनरला वाटलं झालं काम. पण ते ६०० ओहम १०० मेगाहर्ट्झला असतात. २ मेगाहर्ट्झला बीड जवळपास तारेसारखाच असतो. त्या जागी २.२ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर, पुढे २२ मायक्रोफॅरड, आणि रिंगिंग दाबायला मालिकेत अर्ध्या ओहमचा रेझिस्टर टाकला. पीएलएल ४० मिलीअँपिअरच घेतो, त्यामुळे २० मिलीव्होल्ट पडले, चालले. या फिल्टरचा रेझोनन्स २३ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. तिथे थोडं वाढलं तरी सीडीआर ते गिळतो. २.२ मेगाहर्ट्झचा सुळका नॉइजच्या पातळीत बुडाला. रात्रभर आठ तास लिंक चालवली, १४४ लाख कोटी बिट, चूक शून्य. शून्य चुकांचाही हिशेब असतो: एवढ्या बिटांत एकही नाही म्हणजे ९५ टक्के खात्रीने दर ४८ लाख कोटींत एकपेक्षा कमी. तुम्हाला फक्त लाख कोटीत एकची खात्री हवी असेल तर तीन लाख कोटी बिट पुरतात, दहा मिनिटांत होतं.

तुमच्या बोर्डावर बक कन्व्हर्टर कुठल्या फ्रिक्वेन्सीला स्विच होतो आणि पीएलएलच्या सप्लायला काय लावलंय, ते लिहा. आणि १०१० वर ३ मेगाहर्ट्झला घेतलेला हिस्टोग्राम टाका. त्यात शिंगं नसतील तर हे सगळं उत्तर मागे घेऊन पुन्हा बसू.